पाणी दिसेनासं होतं, तिथे कॅमेरा थांबव

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी जलचक्राचा व्हिडिओ करायला घेतलायस, तर संहिता लिहायला बसण्याआधी फळ्यावरची ती नेहमीची आकृती बाजूला ठेव. एका कोपऱ्यात समुद्र, वर ढग, पलीकडे डोंगर आणि गोल फिरवलेले चार बाण. ज्याला जलचक्र आधीच कळलंय त्याला उजळणीसाठी ती चांगली आहे. ज्याला पहिल्यांदा कळायचंय त्याच्यासाठी तिच्यातली सगळ्यात अवघड गोष्ट एका बाणात उरकलेली असते. समुद्रातून ढगाकडे जाणारा बाण. त्या जागी पाणी दिसेनासं होतं आणि मुलं नेमकी तिथेच सुटतात.

वर्गात विचारून बघ. ओल्या फडक्याने पाटी पुसायची, दोन मिनिटांनी ती कोरडी झाली की विचारायचं, पाणी गेलं कुठे? कुणी म्हणेल पाटीने प्यायलं. कुणी म्हणेल संपलं. एखादं हुशार पोर म्हणेल, सूर्याने ओढून घेतलं. आणि पाटी सावलीत असली तर तेच पोर गप्प बसेल. ‘बाष्पीभवन’ हा शब्द पाठ असलेली मुलंसुद्धा हीच उत्तरं देतात. मी नोकरीला लागले तेव्हाच्या आमच्या हेडगुरुजींनी मला एक शिस्त लावली होती. जे डोळ्यांना दिसत नाही ते शिकवताना त्याच्या आधीचं दाखवायचं, नंतरचं दाखवायचं आणि मधल्या जागेत पुरावा ठेवायचा. तेव्हा व्हिडिओ नव्हते, पण व्हिडिओसाठी हीच शिस्त जास्त लागू पडते. कॅमेऱ्याला न दिसणारं काही टिपता येत नाही, पण पुरावा टिपता येतो.

दुसरी गोष्ट, डोळे-तोंड काढलेला थेंब नको. ‘मी थेंबुकली, मी उन्हात तापले आणि उंच उडाले’ असं एकदा मुलांनी ऐकलं की थेंब थेंबाच्याच रूपात वर जातो असं त्यांच्या मनात बसतं. मग ढग म्हणजे पाण्याची पिशवी, दोन ढग आपटले की ती फुटते आणि पाऊस पडतो, हा पुढचा गैरसमज आपोआप येतो. तो काढायला नंतर वर्षं लागतात.

आता रेवदंड्याच्या मुलांचं एक खास आहे आणि ते बाहेरून आलेल्या कुठल्याही तयार व्हिडिओत सापडणार नाही. आपल्या मुलांनी पाणी रोज जाताना-येताना पाहिलेलं असतं. ओहोटीला किल्ल्याच्या तटाखालची पुळण उघडी पडते, खाडीतल्या होड्या गाळात टेकतात, काही तासांनी सगळं पुन्हा भरतं. दिवसातून दोनदा. त्यामुळे ‘समुद्राचं पाणी जातं आणि परत येतं’ असं वाक्य तू व्हिडिओत म्हणालीस, की निम्म्या वर्गाला भरती-ओहोटीच आठवणार. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात हे मोकळं करून टाक. साळावच्या पुलाजवळ एकाच जागेवरून दोन चित्रं घे, एक भरतीचं, एक ओहोटीचं, आणि साफ सांग: हे पाणी फक्त सरकलं, ते पाणीच राहिलं, खारटच राहिलं. आज आपण जे पाणी बघणार आहोत ते दिसेनासं होणार आहे. एवढं पुरे. चंद्र-सूर्याची ओढ वगैरे इथे काढू नकोस, तो वेगळा पाठ आहे.

मग ताटली. सगळ्या व्हिडिओचा कणा हाच आहे, म्हणून सावकाश सांगते.

एक वीतभर रुंद, सपाट, गडद रंगाची ताटली घे. लोखंडी नको, खाऱ्या पाण्याने गंज चढतो आणि मुलं गंजाकडेच बघत बसतात. त्यात समुद्राचं पाणी घाल, सहा छोटे चमचे, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर. जास्त नको. तळाला जेमतेम पसरेल इतकाच थर हवा, साधारण मिलिमीटरभराचा. वाटीभर ओतलंस तर संध्याकाळपर्यंत वाळणार नाही. रात्रभर आपली दमट हवा लागेल आणि सकाळी तू पुन्हा तिथेच. पाणी पुळणीवरच्या लाटेतून नको, त्यात वाळू येते. गुडघाभर पाण्यात जाऊन बाटली भर आणि जुन्या सुती कपड्यातून गाळून घे.

मे महिन्याच्या कडक उन्हात ताटली गच्चीवर किंवा अंगणात ठेव. शेजारी घड्याळ ठेव, चौकटीत दिसेल असं. मोबाईल दोन विटांच्या मधे आडवा बसव आणि दर अर्ध्या तासाने एक फोटो काढ. मोबाईल जरासुद्धा हलता कामा नये, कारण फोटो एकामागून एक लावल्यावर ताटली उड्या मारू लागली तर मुलांचं लक्ष पाण्यावरून जातं. झटपट पळणारं चित्रण मोबाईलमध्ये आपोआपही होतं, पण मला फोटोच बरे वाटतात. प्रत्येक फोटोवर थांबून ‘आता किती वाजले, आता पाणी कुठपर्यंत आलं’ असं मुलांशी बोलता येतं.

शेवटी ताटलीत मीठ उरेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तुझ्या ३० मिलिलिटरमधून जेमतेम ग्रॅमभर. मोठ्या चिमटीइतकं. कमी वाटलं तरी बाजारातलं मीठ वर टाकू नकोस. पोरांनी घरी करून पाहिलं की त्यांना खरं तेवढंच दिसणार आहे. आणि ताटली उन्हातून उचलल्यावर लगेच चित्रण कर, कारण हे मीठ आपल्या हवेत तासाभरात ओलसर होतं.

या जागेसाठी मी संहिता अशी लिहीन:

दृश्य: ताटली वरून. पाणी चमकतंय. घड्याळात सकाळचे १०.
निवेदन: हे समुद्राचं पाणी. आत्ताच आणलंय.
दृश्य: तीच ताटली, ११, १२, १. प्रत्येक चित्र चार सेकंद. आवाज नाही.
दृश्य: तळाशी पांढरं मीठ. जवळून. बोटाने ओढलेली रेघ उमटते.
निवेदन: पाणी नाही. मीठ आहे. ताटलीला भोक नाही. कुणी ओतलं नाही, कुणी प्यायलं नाही. मग पाणी गेलं कुठे?
दृश्य: कोरडी ताटली, दहा सेकंद. इथे व्हिडिओ थांबवून मुलांना बोलू द्यावं.

त्या दहा सेकंदांवर कात्री चालवू नकोस. व्हिडिओ जोडून देणारा म्हणेल की इथे रिकामं वाटतंय, संगीत टाकू. नको म्हण. मुलं विचार करतात ती जागा हीच.

मुलांच्या उत्तरांनंतर सांगायचं ते एकच: पाणी अगदी बारीक बारीक होऊन हवेत मिसळलं, इतकं बारीक की दिसत नाही, आणि मीठ मागेच राहिलं. पाऊस गोडा का असतो याचं उत्तर याच ताटलीत आहे. मीठ वर गेलंच नाही तर पावसात येणार कुठून? मिठागरात हेच होतं आणि कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील वाळतात तेव्हाही हेच होतं. बोंबलाचं एक चित्र जरूर घाल, कारण आपल्या मुलांना ‘पाणी उडून गेलं’ याचा तो रोजचा पुरावा आहे. सकाळी लोंबणारा ओला बोंबील चार दिवसांनी हलका आणि कडक होतो. त्यातलं पाणी वाळूवर टपकून संपलेलं नसतं, बरंचसं वाऱ्यावर गेलेलं असतं. वाऱ्याचं नाव इथे मुद्दाम घे. फक्त ऊन ऊन म्हटलंस तर सावलीत कपडे कसे वाळतात ते मुलांना सांगता येत नाही.

ही ताटली चुलीच्या आधी यायला हवी. बहुतेक जण पाणी उकळून दाखवतात आणि मग मुलांना वाटतं की पाणी उकळल्याशिवाय वर जातच नाही. समुद्र काही उकळत नाही. आधी ऊन आणि वारा, मग चूल.

चुलीचं काम वेगळं आहे. हवेत गेलेलं पाणी परत पकडून दाखवायला ती हवी. पातेल्यात पेलाभर खारं पाणी घे, मधोमध एक जड रिकामी वाटी ठेव, वर मूठ असलेलं झाकण उलटं ठेव. मूठ वाटीच्या बरोबर वर यायला हवी. झाकणावर बर्फाचे खडे. आच अगदी मंद. पाणी खदखदलं की खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाटीत उडतात आणि सगळा पुरावा वाया जातो. पंधरा-वीस मिनिटांत मुठीवरून ठिबकून वाटीत चमचा-दोन चमचे पाणी जमेल. हे तू स्वतः करायचं, मुलांनी लांबून बघायचं.

आता वाटीतलं पाणी गोडं आहे हे कसं दाखवायचं? चाखून नको. व्हिडिओत तू चाखलंस की मुलं घरी किनाऱ्यावरचं पाणी चाखणार, आणि ते कसलं असतं ते तुला माहीत आहे. कडाप्प्याचा काळा ओटा असतो ना, त्यावर दोन थेंब टाक. डावा खाऱ्या पाण्याचा, उजवा वाटीतला. वाळू दे. डाव्या जागी पांढरा ठिपका उरतो, उजव्या जागी काही नाही. कॅमेरा दोन्ही एका चौकटीत जवळून घेऊ दे, खिडकीचा उजेड बाजूने. हा माझा सगळ्यात आवडता पुरावा आहे, कारण त्यात बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. एक काळजी घे: तुलनेला विहिरीचं पाणी वापरू नकोस. आपल्या विहिरींच्या पाण्यातही थोडे क्षार असतात, ते फिकट कडं सोडतं आणि कुणीतरी लगेच म्हणतं, बाई, यातही मीठ आहे.

चुलीपाशीच अजून एक चित्रण करून ठेव. किटलीत पाणी उकळताना नळीच्या तोंडापासून बोटभर जागा मोकळी दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. मुलं पांढऱ्या लोटालाच वाफ समजतात. खरं म्हणजे वाफ त्या मोकळ्या जागेत आहे, न दिसणारी. पांढरं दिसतं ते थंड हवेत पुन्हा बारीक थेंब झालेलं पाणी. मागे गडद कापड लाव, नाहीतर कॅमेऱ्यात ती फट उमटत नाही. हे मुलांना पटलं की ढगाचं काम सोपं होतं, कारण ढगही तसाच: वर गेलेल्या हवेला थंडावा मिळाला की तिच्यातलं न दिसणारं पाणी बारीक थेंब होऊन दिसू लागतं. त्या थेंबांना जमायला धुळीचा, मिठाचा सूक्ष्म कण लागतो. समुद्राच्या फेसातून उडालेल्या खाऱ्या तुषारांचे कणही त्यात असतात. मुलं ‘मीठ वर जात नाही म्हणालात ना’ असं विचारतील. सांग की ते लाटेच्या उडण्याने जातं, पाणी सुकून जाताना नाही, आणि इतकं थोडं असतं की पावसाची चव बदलत नाही. कुणी विचारलं तरच सांग, संहितेत घालू नकोस.

गार पेल्याचा प्रयोग सगळेच करतात, पण साध्या पाण्याने. मग मुलं म्हणतात, पेला पाझरतोय. स्टीलच्या पेल्यात लालभडक कोकम सरबत आणि बर्फ घाल. पेल्याबाहेर जमलेले थेंब पांढऱ्या रुमालाने पूस आणि रुमाल कॅमेऱ्यासमोर धर. डाग पडला नाही. मग हे पाणी आतलं कसं असेल? मेमध्ये आपल्याकडे हे दोन-चार मिनिटांत होतं. थंडीत, उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला असताना करशील तर पेला कोरडाही राहील, म्हणून हेही मेमध्येच उरकून घे.

पावसाबद्दल थोडक्यात. ढगातला थेंब इतका बारीक की तसे दहा लाखांच्या आसपास एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. मुलांना हा आकडा आवडतो, सांग. ढगांची टक्कर दाखवू नकोस. आणि रेवदंड्याच्या समुद्राचं पाणी वर गेलं नि रेवदंड्यातच पडलं, असंही म्हणू नकोस. समुद्रावरून वर गेलेलं बहुतेक पाणी समुद्रावरच पडतं. आपल्याकडे जूनमध्ये येणारी ओल नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर फार लांबून, अरबी समुद्रावरून आणि त्याच्याही दक्षिणेकडून आलेली असते. ती सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते, म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटमाथ्यावर पाऊस कितीतरी जास्त.

यानंतरचा भाग बहुतेक व्हिडिओंत नसतोच. पाऊस पडला की बाण नदीतून समुद्रात जातो आणि संपलं. पण आपल्या मुलांच्या दारात विहीर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तरी वाडीतल्या विहिरीचं पाणी गोडं, हे त्यांना विचारायला लाव. पावसाचं पाणी वाळूतून खाली झिरपतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहतं, कारण गोडं पाणी हलकं असतं. नारळी-पोफळी त्या थरावर जगतात. उन्हाळ्यात पंप लावून फार उपसा केला की खालचं खारं पाणी वर सरकतं आणि विहीर मचूळ होते. घरोघरी आजीला माहीत असलेली ही गोष्ट आहे. विहिरीचं चित्रण मे अखेरीस एकदा आणि ऑगस्टात एकदा, त्याच जागेवरून कर, आतली कुठलीशी दगडी पायरी किंवा कपार खूण म्हणून धर. काठावर मूल उभं करून चित्रण करायचं नाही, कठडा असला तरी.

नदीसाठी कुंडलिका घे. ती इथेच, आपल्या समोर कोर्लईच्या बाजूला समुद्राला मिळते, म्हणून मुलांना तिचं फक्त शेवटचं टोक माहीत असतं, खारट आणि रुंद. वरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. घाटावर मुळा नदीवर टाटांनी बांधलेलं मुळशी धरण आहे, १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्याविरुद्ध सत्याग्रह केला ते. त्यातलं पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. वीज झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं. कोलाडला होड्या उसळतात त्या याच पाण्यावर, मग रोहा, मग आपण. आता विचार कर: मुळेत पडलेला पाऊस एरवी भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेला असता. माणसाने त्याला वळवला म्हणून त्यातला काही अरबी समुद्रात येतो. चौथीच्या मुलाला नकाशावर बोट फिरवत हे दाखवलं तर ते आयुष्यभर विसरत नाही. तिसरीसाठी हा भाग वगळ, त्यांना घाट आणि उपसागर अजून नीट माहीत नसतात.

आता मापाची गोष्ट. हे सगळं एका व्हिडिओत घालू नकोस. एक व्हिडिओ ताटली, पातेलं आणि दोन थेंब यांचा. दुसरा पेला आणि ढगांचा. तिसरा विहीर आणि कुंडलिकेचा. प्रत्येक पाच मिनिटांचा. लहान मुलांशी बोलताना मिनिटाला शंभराच्या वर शब्द जाऊ नयेत, आणि पाचातलं दीड मिनिट तरी गप्प राहण्यासाठी ठेवायचं. म्हणजे निवेदन साडेतीनशे शब्दांत बसलं पाहिजे. पहिल्या खर्ड्यात हमखास सहाशे होतात. कापताना विशेषणं आधी काढ, मग जे चित्रात दिसतंच आहे ते सांगणारी वाक्यं काढ. ‘बाष्पीभवन’ हा शब्द मीठ दिसून गेल्यावर, एकदाच, पडद्यावर मोठ्या अक्षरात.

किनाऱ्यावर उभं राहून बोलू नकोस. डोळ्यांना छान दिसतं, पण मोबाईलमध्ये वाऱ्याचा घरघराट भरतो आणि गावाकडच्या घरातल्या छोट्या मोबाईलवर एक शब्द कळत नाही. किनाऱ्याचं चित्र मुकं घे, आवाज घरी, खिडक्या लावून, पंखा बंद करून, गादी-गोधड्या ठेवलेल्या खोलीत घे. आवाज भरण्याआधी संहिता एकदा तिसरीतल्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला दे. जिथे तो अडखळतो ते वाक्य बदल.

व्हिडिओ दाखवून झाल्यावर ‘समजलं का’ विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. विचार: आईने सकाळी अंगणात सडा घातला, दुपारी अंगण कोरडं. आता ते पाणी कुठे असेल त्याचं चित्र काढा. ज्यांनी पाणी जमिनीखाली दाखवलं ते पूर्ण चूक नाहीत, थोडं झिरपतंही. त्यांना शहाबादी फरशीवर तोच सडा घालून दाखव. ज्यांनी थेट ढगात बाण नेला त्यांनी आकृती पाठ केली आहे. त्यांना विचार, अंगण आणि ढग यांच्या मधे आत्ता पाणी आहे का? ज्याने मधल्या रिकाम्या हवेत ठिपके काढले आणि ‘दिसत नाहीत’ असं लिहिलं, त्याला पुढचा व्हिडिओ दाखवायला हरकत नाही. बाकीच्यांना ताटली पुन्हा, आणि या वेळी पडद्यावर नाही, शाळेच्या गच्चीवर.